अभंग पाठ आहे, तुझं म्हणणं कुठे आहे?

*मी एम.ए. मराठीच्या पहिल्या वर्षाला आहे, गाव माढा तालुक्यात. संत सावता माळी यांच्या 'कांदा मुळा भाजी' या अभंगावर निबंध दिला होता. मी एकही मुद्दा पुराव्याशिवाय मांडला नाही, तरी बाईंनी समासात लिहिलं, 'अभंग मला पाठ आहे. तुझं म्हणणं कुठे आहे?' ओळी काढल्या तर पुरावा जातो, ठेवल्या तर म्हणणं दिसत नाही. एक परिच्छेद पाठवते:*

*'सावता माळी यांना मळ्यातच देव दिसतो. "कांदा मुळा भाजी । अवघी विठाबाई माझी ॥" यातून त्यांची भक्ती दिसून येते. तसेच "लसूण मिरची कोथिंबिरी । अवघा झाला माझा हरी ॥" म्हणजेच लसूण, मिरची, कोथिंबीर हे सर्व त्यांना हरीच वाटतात. शेवटी "सावता म्हणे केला मळा । विठ्ठल पायीं गोविला गळा ॥" असे म्हणून ते आपला गळा विठ्ठलाच्या पायी गोवतात.'*

*यात नेमकं काय चुकलं?*

*— एक वाचक, सोलापूर*

तुमच्या परिच्छेदाचे शब्द मोजले. एकूण 51 आहेत. त्यांपैकी 21 शब्द अभंगाचे. 17 शब्द त्याच ओळी गद्यात पुन्हा सांगण्यात गेले: 'म्हणजेच लसूण, मिरची…' आणि 'असे म्हणून ते आपला गळा…'. तुमचे म्हणता येतील असे उरतात 13, आणि त्यातही 'तसेच' व 'शेवटी' हे निव्वळ जोडशब्द. बाईंनी विचारलेला प्रश्न या 13 शब्दांबद्दल आहे.

'म्हणजेच' हा शब्द तुमच्या लिखाणात कुठे कुठे येतो ते आधी शोधा. ओळीच्या मागून 'म्हणजेच', 'यातून दिसून येते की', 'असे म्हणून' यांपैकी काही आले, तर बहुतेक वेळा पुढे ओळीचा अर्थच येतो. अर्थ सांगणे म्हणजे विश्लेषण नव्हे. अर्थ सांगताना तुम्ही कवीच्या बाजूने बोलता आणि तुमची स्वतःची बाजू रिकामी राहते. ती रिकामी असल्यामुळे ओळीला दुहेरी काम करावे लागते. पुरावाही तिनेच द्यायचा आणि दावाही तिनेच करायचा, आणि दावा करणे तिला जमत नाही.

म्हणून सुरुवात ओळीपासून करू नका. अभंगाचे पान पालथे घाला आणि एक वाक्य लिहा, अवतरणाशिवाय. त्या वाक्याला एकच अट: वर्गातल्या एखाद्या हुशार मैत्रिणीला 'मला नाही तसं वाटत' असे म्हणता आले पाहिजे. 'सावता माळी यांना मळ्यातच देव दिसतो' या वाक्याला कुणीच नाही म्हणणार नाही. शाळेपासून सगळ्यांनी तेच ऐकलेले आहे. ज्यावर वाद नाही त्याला पुरावा लागत नाही, म्हणून तुमच्या ओळी तिथे नुसत्या शोभेला उभ्या राहतात.

त्याऐवजी हे वाक्य घेऊन पाहू: 'या अभंगात भाजी देव होत नाही, देव भाजी होतो.' दोन्हींत फरक आहे. पहिल्यात भाजीला मोठेपणा मिळतो, दुसऱ्यात देव खाली उतरतो. यावर मैत्रीण लगेच विचारेल, 'कशावरून?' आता पान सुलटे करा. पेन्सिल घ्या आणि ज्या शब्दावाचून तुमचे वाक्य पडेल, तेवढ्याच शब्दाखाली रेघ ओढा. सबंध ओळीखाली नाही.

दुसरी ओळ पाहा. 'लसूण मिरची कोथिंबिरी' ही तीन नावांची यादी. त्यानंतर क्रियापद आले आहे 'झाला'. मिरची आणि कोथिंबीर दोन्ही स्त्रीलिंगी, आणि जिनसा तीन. यादी जर वाक्याचा कर्ता असती, तर आपल्या कानाला 'झाल्या' किंवा 'झाली' अपेक्षित होते. आपण 'लाकडं कोळसा झाली' म्हणतो, 'लाकडं कोळसा झाला' म्हणत नाही. 'झाला' हे पुल्लिंगी एकवचन जुळते ते 'हरी'शी. म्हणजे वाक्य असेही वाचता येते की माझा हरीच हे अवघे झाला. तुमच्या दाव्याचा सगळा भार या एका शब्दाच्या लिंगावर आहे. सात शब्दांच्या ओळीतला पुरावा दोन अक्षरांत सापडला. उरलेले सहा शब्द आपल्या वाक्यात आणायची गरज नाही.

ओळ अख्खी दिली की हे कधीच दिसत नाही, कारण वाचणारा ती तोंडपाठ सुरात म्हणून टाकतो. तुम्हीही म्हणून टाकली. छोटे अवतरण देण्याचा खरा फायदा जागा वाचण्याचा नाही. कुठला शब्द उचलायचा हे ठरवताना आपल्याला त्या शब्दाकडे थांबून बघावे लागते.

आता तो शब्द वाक्यात बसवायचा. इथे मराठीची एक अडचण आहे. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. कर्ता सुरुवातीला ठेवून मध्ये आठ-दहा शब्दांचे अवतरण घातले, की क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर वाचणारा कर्ता विसरतो. 'सावता "लसूण मिरची कोथिंबिरी अवघा झाला माझा हरी" या ओळीतून हरीला खाली उतरवतात' हे वाक्य व्याकरणाने चूक नाही, पण धापा टाकते. वाक्याच्या मध्यावर चार शब्दांपेक्षा जास्त अवतरण शक्यतो नकोच. पाच-सहा लागलेच, तर त्यांना वाक्याच्या तोंडाशी आणा आणि मग आपले बोलणे सुरू करा.

दुसरी अडचण विभक्तीची. अवतरणातल्या शब्दाला आपल्या वाक्याचा प्रत्यय लावावा लागतो, आणि प्रत्यय लागला की मराठी शब्दाचे रूप बदलते. 'मळा'ला 'त' लागला की 'मळ्यात' होते, पण अभंगात 'मळ्यात' नाही. अवतरणचिन्हांत 'मळ्यात' लिहिले तर जे अभंगात नाही ते तुम्ही अभंगाच्या तोंडी घातले. यावर सोपा तोडगा म्हणजे प्रत्यय झेलायला एक शब्द बाहेर उभा करायचा: 'झाला' या क्रियापदातून, 'अवघी' या विशेषणामुळे, 'केला मळा' या दोन शब्दांत. अवतरण जसेच्या तसे राहते आणि विभक्ती बाहेरचा शब्द घेतो. एखाद्या नामाला सरळ प्रत्यय लावून चालते, जसे 'हरी'शी, कारण तिथे आतले रूप बदलत नाही. रूप बदलणार असेल तर बाहेरचा शब्द घ्याच.

आणि वाक्याचे मुख्य क्रियापद तुमचे असू द्या. 'सावता म्हणतात' हे क्रियापद काहीच सांगत नाही, कारण अभंगातही 'सावता म्हणे' आहेच. अभंग त्या जागी नेमके काय करतो ते विचारा. मोजतो? नाकारतो? उलटवतो? दोन गोष्टी शेजारी ठेवतो? जे उत्तर येईल ते क्रियापद.

एवढे घेऊन तुमचे वाक्य असे होईल:

*लसूण, मिरची, कोथिंबीर मोजून झाल्यावर येणारे 'झाला' हे क्रियापद भाज्यांशी जुळत नाही, 'हरी'शी जुळते. त्यामुळे भाजी देवपदाला चढण्याऐवजी हरी भाजीत उतरल्याचे इथे अधिक ऐकू येते.*

यावर बोट ठेवून पाहा. अवतरणातले 'झाला' आणि 'हरी' झाका. दावा तरी समजतो का? समजतो, पण 'कशावरून' याचे उत्तर जाते. असेच व्हायला हवे. झाकल्यावर वाक्यात काहीच उरले नाही, तर अवतरणाने दाव्याची जागा घेतली आहे. झाकल्यावर काहीच बिघडले नाही, तर अवतरण नुसते टाचलेले आहे. सोलापुरी चादरीतले फूल विणीतच असते, म्हणून चादर उलटी केली तरी रंग उलटून तेच फूल दिसते; वरून शिवलेल्या ठिगळाच्या मागे फक्त टाके दिसतात. बोट ठेवणे म्हणजे चादर उलटी करून बघणे.

इथे बरेच विद्यार्थी थांबतात आणि पुढच्या ओळीतूनही याच दाव्याला आधार काढू लागतात. जरा सावकाश. तिसरी ओळ आहे 'मोट नाडा विहीर दोरी । अवघी व्यापिली पंढरी ॥'. नाडा म्हणजे मोट ओढायचा जाड दोर. सगळी ओलिताची साधने. या ओळीचा रूढ अर्थ 'या सगळ्यात पंढरीच भरून आहे' असा सांगतात, आणि तो घेतला तर आपला दावा पुढे सरकतो: देव आणखी खाली उतरला. पण 'व्यापिली' हे रूप पाहा. व्यापणे हे सकर्मक क्रियापद, आणि भूतकाळात ते कर्माशी जुळते. पंढरीने सारे व्यापले असते, तर 'व्यापिले' अधिक सरळ होते. 'व्यापिली' स्त्रीलिंगी आहे, पंढरीशी जुळते. मग व्यापली गेली ती पंढरी, आणि तिला व्यापणारी मोट, नाडा, विहीर, दोरी. दिशा उलटली!

असे झाले की दोन मोह होतात. एक, 'व्यापिली' गाळायचे आणि फक्त 'अवघी… पंढरी' एवढे तुकडे जोडून आपल्या बाजूचे अवतरण बनवायचे. ही लबाडी आहे, आणि ती ओळखू येते, कारण अभंग परीक्षकाला पाठ असतो. दोन, ती ओळच टाळायची. चार ओळींच्या अभंगात एक ओळ टाळली तर तेही दिसते. दोन्ही सोडा आणि दावा बदला. पुरावा आडवा आला की दावा वाकवायचा, पुरावा नाही. आपला नवा दावा: 'मळा आणि पंढरी यांच्यातली वाट सावता दोन्ही दिशांनी मोकळी करतात.' हा आधीच्यापेक्षा चांगला आहे. आधीचा दावा एका ओळीवर उभा होता, हा दोन ओळींच्या विरोधावर उभा आहे.

आता तुमचा परिच्छेद नव्याने:

*सावता माळी मळा आणि पंढरी यांच्यातली वाट दोन्ही दिशांनी मोकळी करतात. लसूण, मिरची, कोथिंबीर मोजून झाल्यावर येणारे 'झाला' हे क्रियापद भाज्यांशी जुळत नाही, 'हरी'शी जुळते. त्यामुळे भाजी देवपदाला चढण्याऐवजी हरी भाजीत उतरल्याचे इथे अधिक ऐकू येते. पुढच्याच ओळीत दिशा उलटते. मोट, नाडा, विहीर, दोरी यांच्यानंतरचे 'व्यापिली' हे रूप पंढरीकडे बोट दाखवते: व्यापली जाते ती पंढरी, आणि तिच्यात पसरतो तो मळा. ही ये-जा आधी झालेली असल्यामुळे शेवटच्या ओळीतले 'केला मळा' हे शब्द केवळ कष्टाची नोंद राहत नाहीत. मळा करणे आणि विठ्ठलाच्या 'पायीं' गळा गोवणे सावता शेजारी ठेवतात, मध्ये 'आणि'सुद्धा न घालता.*

अवतरणात अभंगाचे सहाच शब्द आले: झाला, हरी, व्यापिली, केला, मळा, पायीं. भाज्यांची आणि मोट-नाड्याची नावे मुद्दाम चिन्हांबाहेर ठेवली आहेत. ती इथे माहिती म्हणून येतात, त्यांच्या रूपावर काही उभे नाही, म्हणून 'कोथिंबिरी'चे 'कोथिंबीर' केले तरी चालते. शंभरेक शब्दांच्या परिच्छेदात दहाच्या आत अवतरित शब्द हे प्रमाण माझ्या मते बरे. त्याला नियम समजू नका. मात्र प्रत्येक अवतरणाच्या पुढे किंवा मागे त्याच वाक्यात 'या शब्दात असे काय आहे' याचे उत्तर असलेच पाहिजे. इथे 'झाला'पाशी जुळणी सांगितली, 'व्यापिली'पाशी दिशा, 'केला मळा'पाशी शेजार.

शेवटचे वाक्य आणखी एका कारणासाठी पाहा. 'आणि' हा शब्द अभंगात त्या जागी नाही, हाच तिथला पुरावा आहे. जे नाही तेही दाखवता येते. अभंगात 'जैसा', 'तैसा', 'सारखा' यांपैकी एकही शब्द नाही. सावता तुलना करत नाहीत, असा मुद्दा मांडायचा असेल तर याहून भक्कम आधार नाही. त्यासाठी ओळ उद्धृत करण्याची गरजच नाही. फक्त चारही ओळी खरोखर तपासून मगच 'एकही नाही' लिहा.

'अधिक ऐकू येते' असे का लिहिले, 'सिद्ध होते' का नाही, हेही सांगते. मैत्रीण म्हणू शकते की ओळीतले क्रियापद जवळच्या नामाशी जुळवून घेते, आणि इथे 'हरी' जवळ आहे म्हणून 'झाला' आले, यात फार अर्थ शोधू नये. तिचे म्हणणे चूक नाही. यमकाचाही दाब आहेच. एका शब्दाच्या रूपावर जेवढे तोलता येते तेवढेच तोलावे, आणि आपले क्रियापद त्या बेताने निवडावे: सुचवते, ऐकू येते, झुकते. 'सिद्ध होते' हे शब्द अभंगाच्या निबंधात फार क्वचित लागतात.

आता लेखनाच्या बारीक गोष्टी. 'पायीं'वरचा अनुस्वार अवतरणात तसाच ठेवा. 1962च्या शुद्धलेखन नियमांनंतर न उच्चारले जाणारे अनुस्वार आपण लिहीत नाही, पण तो नियम तुमच्या वाक्याला आहे, छापलेल्या जुन्या पाठाला नाही. तुमच्या वाक्यात 'पायी', अवतरणात 'पायीं'. ज्या प्रतीतून अभंग घेतला तीच शेवटपर्यंत धरा. कुठे 'सावता' तर कुठे 'सांवता' छापलेले असते, आणि एका निबंधात दोन पाठ मिसळले की परीक्षकाचा विश्वास उडतो. मधले शब्द गाळले तर तीन टिंबे द्या, पण ज्या शब्दामुळे अर्थ फिरतो तो कधीही टिंबांत टाकू नका. 'व्यापिली'चे उदाहरण वर आलेच.

'मिरची' या शब्दाला मात्र जपा. सावता माळी यांची समाधी शके 1217ची, म्हणजे इ.स. 1295ची मानतात. आपण आज खातो ती मिरची मूळची अमेरिका खंडातली; ती पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे इकडे आली, म्हणजे 1498 नंतरच. मग हा शब्द तोंडोतोंडी गाताना नंतर बदललेला असू शकतो, किंवा तिथे मिरीच्या अर्थाचा जुना शब्द असू शकतो. यमकातल्या 'कोथिंबिरी'वर किंवा व्याकरणात घट्ट बसलेल्या 'झाला'वर जेवढा भार टाकता येतो, तेवढा 'मिरची'वर टाकू नका. 'सावतांच्या काळातल्या माळव्याचे हुबेहूब चित्र' असा दावा करून पुराव्यादाखल 'मिरची' दिली, तर तोच शब्द दावा पाडेल. म्हणून अवतरणासाठी शब्द निवडताना तो पाठात किती पक्का बसला आहे तेही पाहा.

अरणची कथा निबंधात आणायचा मोह तुम्हाला जास्त होईल, कारण अरण तुमच्याच तालुक्यात. सावता पंढरीला गेले नाहीत, विठोबाच मळ्यात आला, ही कथा सुंदर आहे. पण 'देव मळ्यात उतरतो' या दाव्याला ती पुरावा म्हणून वापरू नका. ती अभंगाबाहेरची आहे, आणि कदाचित अभंगामुळेच इतकी रुजली असेल. 'झाला' या शब्दावर काम करून झाल्यावर एक वाक्य कथेला द्या, त्याआधी नाही.

अख्खी ओळ कधी द्यायची? जेव्हा ओळीतला क्रम किंवा घडण हाच मुद्दा असतो तेव्हा. यमकांचा मुद्दा घ्या: प्रत्येक ओळीत अलीकडे मळा, पलीकडे भक्ती, आणि दोन्ही टोके यमकाने बांधलेली. तिथेही ओळी नकोत, जोड्या पुरतात: 'भाजी' आणि 'माझी', 'कोथिंबिरी' आणि 'हरी', 'दोरी' आणि 'पंढरी', 'मळा' आणि 'गळा'. आठ शब्दांत सबंध अभंगाचा सांगाडा आला. पूर्ण अभंग निबंधाच्या माथ्यावर, शीर्षकाखाली एकदा द्या, बाईंना पाठ असला तरी. मग खाली 'झाला' म्हटले की वाचणाऱ्याची नजर वर जाऊन तो शब्द शोधू शकेल, आणि तुम्हाला ओळ पुन्हा लिहावी लागणार नाही.